दहा विजय आणि चार गुण: नागपूरच्या एका कबड्डी संघाच्या हंगामाची तपासणी

पूर्व नागपुरातील एका कबड्डी मंडळाचे गुणलेखन मी अनेक वर्षे करीत आलो आहे आणि व्यवसायाने संख्याशास्त्र शिकवतो. या दोन्ही कामांची गाठ ज्या हंगामात पडली, त्याचे हे प्रकरण आहे. मंडळाचे, खेळाडूंचे आणि स्पर्धेचे नाव मी देत नाही, कारण येथे तपासायची आहे ती एक आकडेमोड, कोणाची पात्रता नव्हे.

स्पर्धेत आठ संघ होते. प्रत्येकाने इतर सातही संघांशी दोनदा खेळायचे, म्हणजे साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने. आमच्या संघाने १० जिंकले, ४ गमावले आणि गुणतक्त्यात दुसरे स्थान मिळवले. त्याआधीच्या वर्षी सात विजय आणि सात पराभव होते, त्यामुळे ही मोठी झेप वाटत होती. हंगामानंतरच्या बैठकीत कार्यकारिणीपुढे प्रस्ताव आला की संघ आहे तसाच ठेवावा, दुसरा चढाईपटू शोधण्यासाठी राखलेली रक्कम नव्या मॅटकडे वळवावी. त्या बैठकीला मी गुणवह्या घेऊन गेलो होतो, कारण हंगामभराची बेरीज करताना मला एक गोष्ट खटकली होती. आमच्या संघाने १४ सामन्यांत मिळून ४४२ गुण मिळवले होते आणि ४३८ दिले होते. संपूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आमची सरशी फक्त चार गुणांची होती. मी हे सांगताच आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "भाऊ, दहा सामने का असेच जिंकलो का आपण?" प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे उत्तर अंदाजाने न देता मोजून द्यावे, असे मला वाटले.

आधी निकाल पाहू. आमचे विजय असे होते: ३३–३१, २९–२८, ३६–३२, ४४–२९, ३४–३३, २८–२६, ३७–३४, ३०–२९, ३८–२९ आणि ३२–२७. पराभव असे: २८–३१, २४–३८, २७–३६ आणि २२–३५. नुसत्या नजरेनेही दिसते की जिंकताना आम्ही बहुतेक वेळा थोडक्यात जिंकलो आणि हरताना बहुतेक वेळा मोठ्या फरकाने हरलो. पाच किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटलेले सामने नऊ होते आणि त्यांतील आठ आमच्या बाजूने गेले. उरलेल्या पाच सामन्यांत, म्हणजे जेथे फरक स्पष्ट होता तेथे, आमचे दोन विजय आणि तीन पराभव होते.

मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांवरून संघाने किती सामने जिंकायला हवे होते, हे सांगणारे एक सूत्र अमेरिकेतील बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडले. त्यांच्या मूळ सूत्रात धावांचे वर्ग येत होते. त्याची मांडणी पायथागोरसच्या प्रमेयाची आठवण करून देते, म्हणून त्याला पायथागोरीय अपेक्षा हे नाव पडले. भूमितीशी त्याचा याहून अधिक संबंध नाही. सर्वसाधारण रूपात ते असे लिहितात:

```
W = PF^k / (PF^k + PA^k)
```

येथे PF म्हणजे मिळवलेले गुण, PA म्हणजे दिलेले गुण, W म्हणजे अपेक्षित विजयांचे प्रमाण आणि k हा घातांक. W ला सामन्यांच्या संख्येने गुणले की अपेक्षित विजय मिळतात. सूत्रामागची कल्पना सरळ आहे. सामना जिंकला की हरला ही नोंद फार ठोकळ असते, कारण एका गुणाचा विजय आणि पंधरा गुणांचा विजय तिच्यात सारखेच मोजले जातात. गुणांचा फरक मात्र प्रत्येक चढाई आणि प्रत्येक पकड यांतून साठत जातो, म्हणून संघाची ताकद तो अधिक बारकाईने दाखवतो. विजयांची संख्या आणि गुणांवरून येणारी अपेक्षा यांत मोठे अंतर असेल, तर ते अंतर पुढच्या हंगामात टिकेल असे सहसा समजू नये.

पहिली अडचण येते ती घातांकाची. बेसबॉलसाठी जेम्स यांनी प्रथम २ वापरला, पुढे १.८३ अधिक जुळतो असे दिसले. अमेरिकन फुटबॉलसाठी २.३७ वापरतात, तर व्यावसायिक बास्केटबॉलसाठी डॅरिल मोरी यांनी १३.९१ सुचवला. हे आकडे इतके वेगवेगळे का, हे समजल्याशिवाय कबड्डीसाठी कोणताही आकडा उचलणे धोक्याचे आहे. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक संघ शंभराच्या आसपास गुण करतो आणि सामन्याच्या निकालातला नैसर्गिक चढउतार बारा गुणांच्या आसपास असतो. चढउतार गुणसंख्येच्या मानाने लहान असल्यामुळे गुणांतले थोडेसे वरचढपणही विजयात लवकर उतरते आणि घातांक मोठा होतो. बेसबॉलमध्ये एका संघाच्या धावा सामन्याला चार-पाच असतात आणि फरकाचा चढउतारही जवळपास तेवढाच असतो, म्हणून तेथे घातांक लहान राहतो. सामन्यांतला फरक प्रसामान्य वक्राप्रमाणे पसरतो असे मानले, तर घातांकाचा एक सोपा अंदाज मिळतो: एका संघाचे सामन्यामागचे सरासरी गुण घ्यावेत, त्यांना फरकाच्या प्रमाण विचलनाने भागावे आणि १.६ ने गुणावे. बास्केटबॉलसाठी १०० भागिले १२ गुणिले १.६ म्हणजे १३.३ येतात, जे १३.९१ च्या जवळ आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये सुमारे २२ गुण आणि १३ ते १४ गुणांचे विचलन धरल्यास सुमारे २.६ येतो, तोही वापरातल्या आकड्यापासून फार दूर नाही.

हीच पद्धत मी आमच्या स्पर्धेला लावली. आठ संघांचे मिळून ५६ साखळी सामने झाले होते आणि त्या सर्वांची गुणपत्रके उपलब्ध होती. एका संघाची सामन्यामागची सरासरी ३२ गुण आली. विचलन काढताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. बलवान संघ दुबळ्या संघाला वीस गुणांनी हरवतो, तेव्हा त्या वीसमधला मोठा भाग ताकदीचा असतो, चढउताराचा नसतो. म्हणून प्रत्येक सामन्याच्या फरकातून दोन्ही संघांच्या सरासरी ताकदीतला फरक आधी वजा करावा आणि जे उरेल त्याचे विचलन घ्यावे. ते सुमारे १० गुण आले. ३२ भागिले १० गुणिले १.६ म्हणजे ५.१, आणि मी ५ हा घातांक धरला. हा आकडा आमच्या या स्पर्धेपुरता आहे. व्यावसायिक कबड्डीत किंवा कुमार गटात तो वेगळा निघू शकतो आणि ५६ सामन्यांवरून काढलेल्या आकड्याला दशांश चिकटवण्यात अर्थ नाही.

आता आमचा संघ. ४४२ आणि ४३८ या संख्या सूत्रात घालून, घातांक ५ धरून, अपेक्षित प्रमाण ०.५११ येते आणि १४ सामन्यांत ७.२ विजय होतात. बैठकीत कोणीतरी लगेच विचारले की घातांक चुकला असेल तर काय. घातांक २ धरला तर ७.१ विजय येतात आणि बास्केटबॉलचा १३.९१ धरला तर ७.४. कारण उघड आहे: मिळवलेले आणि दिलेले गुण जवळपास सारखे असतील तर त्यांचे गुणोत्तर एकच्या जवळ असते आणि एकला कितव्याही घातापर्यंत नेले तरी तो एकच राहतो. आमच्या संघाविषयीचा निष्कर्ष घातांकाच्या वादावर अवलंबून नव्हता. प्रत्यक्षात १० विजय होते, अपेक्षा सात-सव्वासात विजयांची होती आणि जवळपास तीन विजय जास्तीचे होते.

तीन विजय जास्त म्हणजे खरोखर किती जास्त, हा पुढचा प्रश्न आणि माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त चुका येथेच होतात. सवयीने आपण नाणेफेकीचा हिशेब करतो. सामना जिंकण्याची शक्यता निम्म्याच्या थोडी वर असलेला संघ १४ पैकी १० किंवा अधिक सामने जिंकण्याची शक्यता सुमारे दहा टक्के निघते. दहात एकदा घडणारी गोष्ट फार नवलाची नाही आणि म्हणून हे प्रकरण तेथेच मिटवावे, असे वाटू शकते. पण हा हिशेब चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. नाणेफेकीच्या हिशेबात नशिबाने जिंकणारा संघ नशिबाने गुणही जास्त मिळवतो, कारण गुण आणि विजय एकाच सामन्यांतून येतात. आपण येथे गुणांची बेरीज आधीच पाहिलेली आहे. नशिबाचा जो भाग गुणांत उतरला होता तो अपेक्षेत मोजला गेला आहे आणि उरतो तो फक्त गुण आणि विजय यांच्यातला विसंवाद. प्रसामान्य वक्र धरल्यास हा उरलेला चढउतार नाणेफेकीच्या चढउताराच्या सुमारे ०.६ पट असतो. बेसबॉलच्या १६२ सामन्यांच्या हंगामावर हे ताडून पाहता येते. नाणेफेकीचे प्रमाण विचलन तेथे ६.४ विजयांचे येते, त्याच्या ०.६ पट म्हणजे ३.८, आणि अपेक्षा व प्रत्यक्ष यांतले नेहमीचे अंतर तेथे खरोखरच चार विजयांच्या आसपास असते. आमच्या १४ सामन्यांसाठी नाणेफेकीचे विचलन १.९ आणि त्याच्या ०.६ पट म्हणजे १.१ विजय. आमचा संघ अपेक्षेच्या २.८ विजय वर होता, म्हणजे नेहमीच्या अंतराच्या अडीच पट. शंभर संघांत एखाद्याच्याच वाट्याला येईल असे हे अंतर आहे.

याला एक मुरड घालणे प्रामाणिकपणाचे आहे. आमचा संघ मी यादृच्छिक पद्धतीने निवडला नव्हता. आठ संघांत त्याचेच अंतर सर्वांत डोळ्यांत भरणारे होते, म्हणून मी त्याच्याकडे वळलो. आठ संघ पाहिल्यावर त्यांत एखादा असा निघण्याची शक्यता एका संघाच्या मानाने बरीच जास्त असते. तरीही अंतर इतके होते की केवळ नशीब म्हणून सोडून देण्याआधी दुसरी कारणे तपासायला हवी होती. सूत्राला न दिसणारे काही खरोखर घडले असेल, तर ते गुणपत्रकांत सापडायला हवे.

पहिले कारण प्रशिक्षकांनी सुचवले. आमचा मुख्य चढाईपटू दुखापतीमुळे तीन सामने खेळला नव्हता. २४–३८ आणि २२–३५ हे दोन मोठे पराभव त्यांतले, आणि २९–२८ हा विजयही त्यांतलाच. "सर, ते दोन सामने सोडून बघा, मग फरक केवढा दिसतो ते," असे ते मला म्हणाले. फक्त पराभव सोडले तर ती निवड निकाल पाहून केलेली ठरते, म्हणून मी तिन्ही सामने वेगळे काढले. तो असताना ११ सामन्यांत ३६७ गुण मिळवले आणि ३३७ दिले. अपेक्षा ६.७ विजयांची, प्रत्यक्षात ९. तो नसताना तीन सामन्यांत ७५ मिळवले, १०१ दिले. अपेक्षा अर्ध्या विजयाची, प्रत्यक्षात १. दोन्ही मिळून अपेक्षा पुन्हा ७.२ च आली. एका संघाचे दोन संघ करूनही बेरीज हलली नाही, कारण या पट्ट्यात सूत्राचा वक्र जवळपास सरळ रेषेसारखा असतो. प्रशिक्षकांचे म्हणणे मात्र दुसऱ्या अर्थाने महत्त्वाचे ठरले. तो खेळाडू असताना संघ सामन्यामागे सुमारे पावणेतीन गुणांनी सरस होता आणि त्याच दराने १४ सामन्यांत साडेआठ विजयांची अपेक्षा करता येते. तो नसताना संघ सामन्यामागे जवळपास नऊ गुणांनी मागे पडत होता. तीन सामने फार थोडे आहेत, पण कार्यकारिणी ज्या दुसऱ्या चढाईपटूचा विचार सोडून देत होती, त्याची गरज नेमकी येथे दिसत होती.

दुसरे कारण खुद्द कबड्डीच्या स्वभावात आहे. आघाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटांत वेळ काढतो. तीस सेकंदांची चढाई रिकामी घालवायची, लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतर येणारी करो या मरो चढाई तेवढी गांभीर्याने खेळायची आणि मागे असलेल्या संघाला धोका पत्करायला लावायचा. त्यात दोन-चार गुण द्यावे लागले तरी विजय सुरक्षित असतो. असा संघ हातातला सामना मुद्दाम लहान फरकाने संपवतो आणि सूत्र त्याला नशीबवान समजते. हे तपासण्यासाठी अखेरची पाच मिनिटे उरलेली असतानाचा गुणफलक मी गुणपत्रकांतून काढला. नियम असा ठेवला की त्या क्षणी कोणत्याही बाजूची आघाडी सात किंवा अधिक असेल तर अंतिम फरकाऐवजी त्या क्षणाचा फरक धरायचा. नियम दोन्ही बाजूंना सारखा लावणे आवश्यक आहे, नाहीतर आपण आपल्याच संघाला सूट देतो. ३६–३२, ३२–२७ आणि ३७–३४ या तीन विजयांत आमची आघाडी त्या क्षणी अनुक्रमे ९, १० आणि ८ होती, म्हणजे आम्ही त्या सामन्यांत मिळून पंधरा गुण वेळ काढताना सोडले होते. नियमात बसणाऱ्या इतर पाच सामन्यांत मिळून चार गुण उलट दिशेने गेले, कारण आम्हाला हरवणाऱ्यांनीही वेळ काढला होता. निव्वळ सुधारणा अकरा गुणांची झाली, हंगामाचा फरक चारवरून पंधरावर गेला आणि अपेक्षित विजय ७.२ वरून ७.६ झाले. म्हणजे हे कारण खरे होते, पण जास्तीच्या सुमारे तीन विजयांपैकी अर्ध्या विजयाहूनही कमी भाग त्याने उलगडला.

उरलेले पाच निसटते विजय, ३३–३१, २९–२८, ३४–३३, २८–२६ आणि ३०–२९, यांत पाच मिनिटे असताना आम्ही दोनदा पिछाडीवर होतो, एकदा बरोबरीत आणि दोनदा एक-दोन गुणांनी पुढे. हे सामने कोणाकडेही जाऊ शकत होते.

तिसरे कारण सर्वांना सर्वांत प्रिय होते: आमचा संघ अटीतटीचा खेळ जाणतो, शेवटच्या चढाईत त्याचा हात चालतो. हे अशक्य नाही. कर्णधाराचा शांतपणा, पंचांच्या निर्णयाला आव्हान केव्हा द्यायचे याची जाण आणि बाद असलेल्यांपैकी कोण केव्हा परत येणार याचा हिशेब, या गोष्टी शेवटच्या मिनिटांत मोल ठरवतात. पण हा गुण संघाच्या अंगी असेल तर तो एका हंगामापुरता नसावा. कर्णधार, प्रशिक्षक आणि सातपैकी पाच खेळाडू आधीच्या वर्षीचेच होते. त्या वर्षीच्या गुणवह्या काढल्या तेव्हा पाच किंवा कमी गुणांच्या फरकाचे सात सामने सापडले आणि त्यांत तीन विजय, चार पराभव होते. दोन वर्षे एकत्र धरली तर सोळा सामन्यांत अकरा विजय होतात. हे सरासरीपेक्षा बरे आहे, परंतु आठला एक असा जो हंगाम आम्ही पाहिला तसा पुन्हा दिसेल असे त्यावरून म्हणता येत नाही.

ज्या खेळांत दीर्घ नोंदी आहेत, तेथे हीच गोष्ट अनेकदा दिसली आहे. २०१६ मध्ये टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाने ९५ सामने जिंकले आणि ६७ गमावले. धावा केल्या ७६५, दिल्या ७५७. सूत्रानुसार ८२ विजय व्हायला हवे होते. एका धावेच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत त्यांची नोंद ३६ विजय आणि ११ पराभव अशी होती. पुढच्या वर्षी संघाचे ७८ विजय झाले. २०२२ च्या अमेरिकन फुटबॉल हंगामात मिनेसोटा वायकिंग्सने १७ पैकी १३ सामने जिंकले, तेही ४२४ गुण मिळवून आणि ४२७ गुण देऊन. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाचे अकराही सामने त्यांनी जिंकले होते. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात ते सात गुणांनी हरले. एका सामन्याने काही सिद्ध होत नाही आणि त्यांच्या पुढच्या हंगामात क्वार्टरबॅकच्या दुखापतीचाही वाटा होता, म्हणून मी बैठकीत रेंजर्सचेच उदाहरण दिले.

सूत्राची दुसरी बाजू त्याच तक्त्यात आमच्या खाली होती. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाचे ९ विजय आणि ५ पराभव होते, पण त्याने ५२० गुण मिळवले होते आणि फक्त ४०० दिले होते. येथे गुणोत्तर १.३ असल्यामुळे घातांक चांगलाच बोलतो. घातांक २ धरला तर अपेक्षा ८.८ विजयांची येते आणि हा संघ किंचित नशीबवान ठरतो. ५ धरला तर ११ विजय येतात आणि तोच संघ दोन विजयांनी कमनशिबी ठरतो. १३.९१ धरला तर १३.६, जे कोणी गंभीरपणे मानणार नाही. दुसऱ्या खेळाचा घातांक उचलून आणला की निष्कर्षाची दिशाच बदलते, ती अशी. या संघाच्या बेरजेत आणखी एक खोट होती. सर्वांत दुबळ्या संघाविरुद्ध त्याने ५८–१९ असा सामना जिंकला होता. कबड्डीत एकदा लोण बसू लागला की प्रत्येक लोणामागे दोन जादा गुण मिळतात आणि हरणाऱ्याचा धीर सुटतो, त्यामुळे अशा सामन्यातले शेवटचे वीस गुण ताकदीविषयी फारसे काही सांगत नाहीत. त्या सामन्याचा फरक वीसवर मर्यादित केला तर अपेक्षा ११ वरून साडेदहावर येते. संघ तरीही आमच्यापेक्षा स्पष्टपणे सरस होता, फक्त तक्ता ते सांगत नव्हता.

जामठ्याला सामने पाहणाऱ्या आमच्या एका सभासदाने विचारले की क्रिकेटला हे लावता येईल का. थेट लावता येत नाही. धावांचा पाठलाग करणारा संघ लक्ष्य गाठताच सामना संपतो, त्यामुळे त्याने दहा षटके राखून जिंकले तरी धावांतला फरक एक ते सहा एवढाच नोंदला जातो. दोन्ही संघांना पूर्ण वेळ गुण मिळवण्याची संधी असते, अशाच खेळात हे सूत्र विश्वासाने चालते. कबड्डीतील चाळीस मिनिटे ती संधी देतात, वर सांगितलेली वेळ काढण्याची खोड वगळता.

बैठकीत मी जे मांडले ते एवढेच होते: मुख्य चढाईपटू पूर्ण हंगाम उपलब्ध असेल तर हा संघ आठ-नऊ विजयांचा आहे, तो काही सामने बाहेर बसला तर सात-आठ विजयांचा, आणि दहा विजयांवर भरवसा ठेवून संघबांधणीचा खर्च थांबवू नये. चर्चा लांबली. काहींना हे विजय कमी लेखणे वाटले आणि त्यांचे दुखणे मला समजत होते, कारण ते आठ निसटते सामने मी स्वतः लिहिले होते आणि त्यांतल्या प्रत्येकात मुलांनी जीव ओतला होता. झालेले विजय कोणी परत घेत नाही. प्रश्न पुढच्या वर्षी कशावर पैसे लावायचे एवढाच होता. शेवटी रक्कम विभागली गेली आणि मंडळाने एक तरुण डावखुरा चढाईपटू घेतला.

या हंगामाचे सात सामने आता झाले आहेत. चार विजय, तीन पराभव. गेल्या वर्षी याच टप्प्यावर सहा विजय होते, म्हणून मागच्या रविवारी मॅटजवळ त्याच ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारले, "संघ उतरला नं भाऊ यंदा?" मी त्यांना वही उघडून दाखवली. सात सामन्यांत २२९ गुण मिळवले आहेत आणि २२१ दिले आहेत. गेल्या वर्षी चौदा सामन्यांत मिळून चार गुणांची सरशी होती, यंदा सातमध्येच आठ गुणांची आहे, आणि मुख्य चढाईपटू एक सामना बाहेर असताना आम्ही तीन गुणांनी हरलो, तेरा किंवा चौदा गुणांनी नव्हे. अपेक्षा ३.८ विजयांची आहे आणि प्रत्यक्षात ४ झाले आहेत. त्यांनी दोन्ही वर्षांच्या बेरजा बोटाने दोनदा पडताळून पाहिल्या आणि उरलेल्या सात सामन्यांचे फरकही आपल्याला दर रविवारी कळवावेत, असे सांगितले.